शाकाहारी बाळाचा घरचा आहार (बेळगाव सीमाभाग)

एक ते तीन वर्षांच्या शाकाहारी मुलाला रोजच्या घरच्या स्वयंपाकातून प्रथिने, कॅल्शियम, लोह आणि जीवनसत्त्वे पुरेशी मिळावीत म्हणून अन्नाची जी निवड आणि तयारी करावी लागते, तिची ही नोंद आहे. प्रदेश बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या मराठी वस्तीच्या सीमाभागाचा. इथली लिंगायत, जैन आणि ब्राह्मण घरे, तसेच माळकरी कुटुंबे मांस-मासे खात नाहीत. अनेक घरांत अंडेही येत नाही. खानापूरच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यात भात आणि नाचणी पिकते. पूर्वेकडे अथणी, गोकाकच्या बाजूला गेले की ताटात ज्वारीची भाकरी येते. तूर, मूग, मटकी, शेंगदाणा, तीळ, दूध आणि दही दोन्हीकडे आहे.

म्हणजे घरात लागणारे बहुतेक सगळे असते. तरीही मूल रोडावते, आणि याचे एक मोठे कारण गाळणे आणि पातळ करणे हे आहे. बाळाला पचायला हलके हवे म्हणून वरणाचे वरचे पाणी, वस्त्रगाळ सत्त्व आणि पाणी घातलेले दूध दिले जाते. प्रत्येक वेळी पोषक भाग भांड्याच्या तळाशी नाहीतर कापडात राहतो. बाळाचे पोट लहान, थोडक्यात भरणारे. ते पाण्याने भरले की घट्ट अन्नाला जागा उरत नाही.

नाचणीचे सत्त्व आणि नाचणीचे पीठ

नाचणीला दुकानात आणि अंगणवाडीत रागी म्हणतात. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात किंवा ज्वारीत याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही नसते. मात्र या कॅल्शियमचा मोठा भाग दाण्याच्या तांबूस सालीत असतो. नाचणी भिजवून, वाटून, कापडातून गाळून खाली बसलेला पांढरा साका वाळवला की जे सत्त्व होते, त्यात मुख्यतः स्टार्च उरतो. दिसायला ते शुभ्र आणि मऊ असते, पण ज्यासाठी नाचणी द्यायची ते चोथ्याबरोबर जनावरांपुढे जाते. सात-आठ महिन्यांच्या बाळाला सुरुवातीचे काही दिवस सत्त्व चालेल, पण वर्षाच्या मुलाला सालीसकट दळलेले पीठच द्यावे.

ते पीठ मोड आणून केले तर दुहेरी फायदा होतो. नाचणी धुऊन रात्रभर, साधारण बारा तास भिजवावी. पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधावी आणि दीड दिवस ठेवावी. दोऱ्याएवढे मोड दिसले की पसरून कडकडीत वाळवावी, मंद आचेवर जरासे शेकून दळून आणावी आणि भाकरीच्या पिठाच्या साध्या चाळणीने चाळावी. मोड येताना दाण्यातले, खनिजे अडवून धरणारे फायटेट कमी होते, त्यामुळे लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. शिवाय दाण्यात स्टार्च तोडणारे विकर तयार होते. साध्या पिठाची लापशी दोन चमच्यांतच घट्ट होते आणि मग तिच्यात पाणी वाढवावे लागते. मोडाच्या पिठाची लापशी सैल राहते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावते. पीठ खमंग तांबूस भाजले तर विकराचा हा गुण नाहीसा होतो, म्हणूनच आच मंद हवी.

हे पीठ मेअखेर करून ठेवलेले बरे. खानापूरच्या पावसात मोडाची नाचणी वाळत नाही, आतून दमट राहते आणि तिला बुरशी धरते. कुबट वास, हिरवट-काळे ठिपके किंवा गाठी दिसल्या तर सगळे टाकून द्यावे. वरचे काढून खालचे वापरू नये.

आमटीतले घट्ट

तूरडाळीत आणि मूगडाळीत वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त प्रथिने असतात. पंधरा ग्रॅम डाळीत, म्हणजे साधारण चार लहान चमचे कच्च्या डाळीत, तीन ग्रॅमच्या आसपास. ही प्रथिने शिजलेल्या डाळीत राहतात. वरच्या पाण्यात उतरतात ती फारच थोडी. पुरणाच्या दिवशी कटाची आमटी भात कालवून बाळाला देतात. चव लागते म्हणून ती द्यायला हरकत नाही, पण त्या दिवशी डाळ मिळाली असे धरू नये. त्याऐवजी चमचाभर पुरणच खाऊ घालावे. एरवी तिखट-मसाला घालण्याआधी घोटलेले वरण वाटीभर बाजूला काढावे. गुरगुट्या भातात डाळ आधीच मिसळून शिजवली की हा प्रश्नच राहत नाही.

शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी इथे रोजची. लाल मिरची घालण्यापूर्वी बाळाचे कूट वेगळे काढावे आणि भातात, दह्यात किंवा भाकरीच्या कुस्करात मिसळावे. सालासह तिळात कॅल्शियम भरपूर असते, पण तीळ अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून तो कुटलेलाच द्यावा. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

एका दिवसाचा हिशेब

खानापूर तालुक्यातली दोन वर्षांची, 11 किलो वजनाची मुलगी उदाहरणादाखल घेऊ. तिला दिवसाला प्रथिने सुमारे 12 ग्रॅम, कॅल्शियम 500 मिलिग्रॅम, लोह 8 मिलिग्रॅम आणि ऊर्जा 1000 किलोकॅलरीच्या आसपास लागते.

सकाळी 20 ग्रॅम नाचणीचे पीठ, दीड वाटी म्हणजे 150 मिली गाईचे दूध आणि थोडा गूळ यांची खीर. एवढ्यातच सहा ग्रॅम प्रथिने आणि 250 मिलिग्रॅम कॅल्शियम होते. मधल्या वेळी अर्धे केळे. दुपारी 30 ग्रॅम तांदूळ आणि 15 ग्रॅम मूगडाळीचा गुरगुट्या भात, वर चमचाभर तूप आणि लिंबाचे चार थेंब. प्रथिने साडेपाच ग्रॅम. चार वाजता पाऊण वाटी दही. संध्याकाळी अर्धी ज्वारीची भाकरी, तिच्यात कुस्करून मऊ शिजवलेली मटकीची उसळ, तीळ आणि शेंगदाण्याचे एकेक चमचा कूट, आणि तेल. प्रथिने सुमारे आठ ग्रॅम. झोपताना वाटीभर दूध.

बेरीज केली तर प्रथिने 25 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या दुप्पट. कॅल्शियम 550 ते 600 मिलिग्रॅम. प्रथिनांची पावडर विकत आणण्याचे कारण या ताटात सापडत नाही. कमी पडते ती ऊर्जा. एवढे खाऊन ती 800 किलोकॅलरीपर्यंतच पोचते. ऊर्जा अपुरी असली की शरीर प्रथिनेच जाळते आणि वाढीला ती उरत नाहीत. म्हणून तूप दोनदा घालावे आणि दुपारी शेंगदाणा-गुळाचा मऊ लाडू बारीक चुरून द्यावा. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येते, तेही या बेरजेत येते.

दुसरी तूट लोहाची. या ताटात ते जेमतेम पाच मिलिग्रॅम आहे, आणि धान्य-कडधान्यांतले लोह थोडेच शोषले जाते. लिंबू, आवळा किंवा पेरू जेवणातच दिला तर शोषण वाढते. चहा दिला तर घटते. चहात बिस्किट बुडवून देण्याची सवय या वयात नको. तरीही तूट पूर्ण भरत नाही. म्हणूनच सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोह-फॉलिक आम्लाचे सरकारी सिरप दिले जाते, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असते. ते दुधाबरोबर देऊ नये. सिरपने शी काळपट होते, त्याला घाबरून ते बंद करू नये.

दूध: किती आणि कसे

शाकाहारी घरात, अंडे नसेल तर, बी12 जीवनसत्त्व मिळते ते दूध आणि दह्यातूनच. वरच्या दिवसात अडीच वाट्या दूध आणि पाऊण वाटी दही आहे. त्यात ती गरज साधारण भागते. गाईचे असो वा म्हशीचे, वर्षानंतर दुधात पाणी घालू नये. पातळ ताक दह्याची जागा घेत नाही.

दूध जास्त झाले तरी घात होतो. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणारे, विशेषतः बाटली तोंडात ठेवून झोपणारे मूल गुटगुटीत दिसते आणि निस्तेज असते. दुधात लोह जवळजवळ नसते, आणि पोट भरल्यामुळे ते भाकरीला तोंड लावत नाही. अशा मुलाचे तळवे आणि पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. काही मुले माती किंवा भिंतीचा पोपडा खातात. आधी दूध कमी करावे आणि हिमोग्लोबिन तपासावे.

उलट टोकही पाहायला हवे. आई दूध-दही फारसे घेत नसेल आणि मूल वर्ष उलटूनही केवळ तिच्या अंगावर असेल, तर दोघांतही बी12 ची उणीव होते. मूल हसणे-बोलणे कमी करते, बसायला शिकलेले विसरते, बोटांची पेरे काळवंडतात, केस विरळ भुरकट होतात, पुढे हात कापू लागतात. हा नजर लागण्याचा प्रकार नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. उपचार लवकर झाला तर मूल पुष्कळ सुधारते. आईलाही औषध लागते.

जैन घरांतील फेरफार

जैन घरांत कंदमुळे नसतात; प्रथिने-कॅल्शियमच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. कडक नियमाच्या घरी मोडाचे धान्यही चालत नाही. तिथे न मोडवलेली नाचणी सालीसकट दळावी आणि जेवणात लिंबू-आवळ्यावर भर द्यावा. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली तर अ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा आणि पपई ठेवावी, भोपळ्यावर तूप घालून. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत बारा तासांहून अधिक अंतर पडते. तेव्हा संध्याकाळचे जेवण सर्वांत घट्ट आणि तुपाचे हवे. पुष्कळ घरे एवढ्या लहान मुलाला या नियमातून मोकळे ठेवतात.

ताटात न मिळणारे, आणि मोजमाप

ड जीवनसत्त्व यातल्या कुठल्याच पदार्थात पुरेसे नाही. मुलाला हातपाय उघडे ठेवून उन्हात खेळू द्यावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत डॉक्टरांना विचारून थेंब द्यावेत. मनगटाची हाडे रुंद वाटली किंवा चालताना पाय धनुष्यासारखे वाकले, तर मुडदूस तपासून घ्यावा.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. दुसऱ्या वर्षात ते साधारण अडीच किलोने वाढायला हवे. एखाद्या महिन्यात तापामुळे थांबले तर ठीक. सलग दोन-तीन महिने तिथेच राहिले तर आहाराची वरच्यासारखी बेरीज करून पाहावी. दंडाची पट्टी लावून घेर 12.5 सेंटिमीटरहून कमी आला तर मूल कुपोषित धरतात, 11.5 च्या खाली गेला तर घरच्या खिरीवर न थांबता दवाखाना गाठावा.