व्हीटीपीचा रिव्हिजन नंबर : एका स्विचमुळे सगळे व्हीएलॅन कसे पुसले जातात

नव्वदच्या दशकाच्या मध्याला सिस्कोचे कॅटॅलिस्ट स्विच आले, तेव्हा प्रत्येक स्विचवर तेच व्हीएलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगळे पाडलेले आभासी भाग, हाताने तयार करणे हा मोठा व्याप होता. व्हीटीपी हा सिस्कोचा प्रोटोकॉल त्यावरचा उपाय होता. सर्व्हर मोडमधल्या स्विचवर व्हीएलॅन बनवायचा, की त्याच डोमेनमधले बाकीचे स्विच एकमेकांना जोडणाऱ्या ट्रंकवरून तो आपोआप उचलतात. एका डोमेनमध्ये सर्व्हर कितीही असू शकतात, आणि मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक स्विच सर्व्हरच असतो. मग कोणाची यादी खरी, हे ठरवायला एक आकडा ठेवला गेला : रिव्हिजन नंबर. यादीत बदल झाला की तो एकने वाढतो, आणि मोठा आकडा आला की लहान आकडेवाल्याने आपली यादी टाकून समोरच्याची घ्यायची.

हा आकडा बदल मोजतो. बदल कधी झाला, कोणी केला, बरोबर होता का, यातले काहीच तो सांगत नाही. ज्या स्विचवर सगळ्यात जास्त खाडाखोड झाली, तोच डोमेनमधला सगळ्यात विश्वासू ठरतो. आणि खाडाखोड सर्वात जास्त कुठे होते, तर टेस्टिंगच्या टेबलावरच्या स्विचवर.

समजा, एका ऑफिसच्या नेटवर्कचा रिव्हिजन ४७ आहे आणि त्यात १०, २०, ३०, ४० हे व्हीएलॅन आहेत. त्यातलाच एक स्विच काढून सरावासाठी वापरला. डोमेनचे नाव आणि पासवर्ड तेच राहिले. व्हीएलॅन बनवत-पुसत रिव्हिजन ११२ वर गेला आणि शेवटी सगळे व्हीएलॅन काढून टाकले. `write erase` करून स्विच साफ झाला असे धरले गेले, पण व्हीएलॅनची यादी, डोमेन आणि रिव्हिजन फ्लॅशमधल्या `vlan.dat` मध्ये असतात आणि त्या फाइलला `write erase` हात लावत नाही. खबरदारी म्हणून स्विच क्लायंट मोडमध्ये टाकला आणि नेटवर्कला जोडला. ट्रंक उभी राहताच ११२ ची जाहिरात गेली, शेजाऱ्यांनी पूर्ण यादी मागितली, ती स्वीकारली आणि पुढच्यांना दिली. काही सेकंदांत प्रत्येक स्विचवर `show vtp status` मध्ये हे दिसू लागते :

```
Configuration Revision     : 112
Number of existing VLANs   : 5
```

हे पाच म्हणजे १ आणि १००२ ते १००५, जे पुसताच येत नाहीत. व्हीएलॅन २० मधले पोर्ट `show vlan brief` मधून गायब होतात आणि `show interfaces switchport` मध्ये त्यांच्यापुढे `(Inactive)` येते. केबल ठीक, ट्रंक ठीक, पण एकही वापरकर्ता चालत नाही. नवा स्विच उपटून काही होत नाही, कारण ११२ आता सगळ्यांकडे आहे. पोर्टची नेमणूक मात्र कॉन्फिगमध्ये शाबूत असते. म्हणून एखाद्या सर्व्हरवर तेच चार व्हीएलॅन पुन्हा बनवले, की आकडा ११२ च्या पुढे जातो, यादी पसरते आणि पोर्ट जागे होतात.

वाद आहे तो क्लायंटबद्दल. क्लायंटवर व्हीएलॅन बनवता येत नाही, म्हणून तो निरुपद्रवी, असा समज वर्षानुवर्षे टिकून राहिला आहे. पण क्लायंट मिळालेली यादी पुढे पाठवतो, आणि त्याचा आकडा मोठा असेल तर सर्व्हरसुद्धा त्याच्यापुढे मान तुकवतो. समर्थनात सांगितले जाते की सर्व्हर बंद पडला तरी नवी यादी जाळ्यात जिवंत राहावी. हेतू पटतो. पण ज्याला बदल करायचा अधिकार नाही त्याची यादी अधिकार असलेल्यावर लादली जाते, हे समर्थन करण्याजोगे नाही. पासवर्डही इथे कामाचा नाही, कारण तो परक्या स्विचला अडवतो आणि हा स्विच घरचाच आहे.

आकडा शून्यावर आणायला, जोडण्याआधी स्विच ट्रान्स्परंट मोडमध्ये, म्हणजे जिथे तो आपली यादी कोणाशीच जुळवत नाही तिथे, नेऊन परत आणणे किंवा डोमेनचे नाव बदलून पूर्ववत करणे पुरते. तो शून्य झाला हे `show vtp status` मध्ये पाहून मगच केबल लावावी. बऱ्याच ठिकाणी मात्र सगळे स्विच कायमचे ट्रान्स्परंट ठेवले गेले, म्हणजे ज्या व्यापासाठी व्हीटीपी आला तोच परत अंगावर घेतला गेला.

आवृत्ती ३ ने अधिकाराचा प्रश्न सोडवला. त्यात प्रायमरी सर्व्हर एकच असतो, तो `vtp primary` ही कमांड देऊन मुद्दाम नेमावा लागतो, आणि यादी स्वीकारताना आकड्यासोबत त्या प्रायमरीची ओळखही तपासली जाते. स्विच रीस्टार्ट झाला की त्याची प्रायमरी पदवी जाते. आवृत्ती १ किंवा २ वर चालणाऱ्या शेजाऱ्याची यादी आवृत्ती ३ चा स्विच घेत नाही. पण कित्येक स्विच डब्यातून आवृत्ती १ वरच निघतात, आणि ती बदलली नाही तर वरचा ११२ चा खेळ तिथे जसाच्या तसा चालतो.