दारे चार, गर्दी एकाच दारात

सभागृहाला आग लागून माणसे दगावली, की ‘लोक घाबरून सैरावैरा पळाले’ असे छापून येते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे सैरावैरा पळत नाहीत; ती ज्या दाराने आत आली, त्याच दाराकडे वळतात, आणि घात तिथेच होतो.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात 20 फेब्रुवारी 2003 रोजी ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि 100 जणांचा मृत्यू झाला. इमारतीला इतरही दारे होती, पण बहुतेकांनी मुख्य दाराकडे धाव घेतली, आणि आग लागल्यापासून दोन मिनिटांच्या आतच तिथे माणसांवर माणसे पडून वाट बंद झाली. स्वयंपाकघराच्या दाराने मात्र मोजकेच लोक बाहेर पडले.

दारातून माणसे किती वेगाने बाहेर पडतात, याचे गणित मांडता येते. चालताना आपण चौकटीला घासून जात नाही, म्हणून दाराच्या रुंदीतून दोन्ही बाजूंचे प्रत्येकी सुमारे 15 सेंटिमीटर वजा करायचे. उरलेल्या रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला फार तर 1.3 माणसे बाहेर पडतात. म्हणजे दीड मीटरच्या दारातून सेकंदाला जेमतेम दीड माणूस. मंगल कार्यालयात 600 वऱ्हाडी असतील आणि असे एकच दार उघडे असेल, तर सर्वांना बाहेर पडायला सुमारे साडेसहा मिनिटे लागतील. तशीच चार दारे असून गर्दी सारखी विभागली, तर हेच काम दीड मिनिटाच्या आसपास उरकते. परंतु चारही दारे उघडी असताना 420 जण मुख्य दाराकडेच गेले, तर तिथला शेवटचा माणूस साडेचार मिनिटांनी बाहेर येतो, आणि तोवर बाकीची तीन दारे मोकळी पडलेली असतात. शिवाय हा वेग रांग सरकत असतानाचा आहे. मागून रेटा वाढला की दाराशी खांद्याला खांदे अडकून कमान तयार होते, आणि मागचे जितके जोर लावतात तितकी ती घट्ट बसते. आत उघडणारे दार तर अशा वेळी उघडतच नाही.

म्हणून स्टेजमागचे दार डेकोरेटरच्या पडद्याआड गेले, किंवा भटारखान्याकडच्या वाटेवर बुफेची टेबले लागली, तर कागदावर चार दारे असलेल्या कार्यालयाला व्यवहारात एकच दार उरते. दक्षिणेचे दार अशुभ मानून त्याला कायमचे कुलूप घालण्याचा आग्रह तर मुळीच मानू नये; धुराला दिशा कळत नाही.

दारे मोकळी ठेवूनही सवय आपोआप मोडत नाही. त्यासाठी प्रत्येक मागच्या दाराशी कार्यालयाचा एक माणूस नेमावा लागतो, ज्याने आगीची सूचना मिळताच दार सताड उघडून जवळच्या रांगांना हाक मारायची. ध्वनिक्षेपकावरूनही नुसते ‘शांत राहा’ न सांगता, ‘डावीकडच्या खुर्च्यांवरील मंडळींनी डाव्या दाराने बाहेर पडावे’ असे नेमके सांगावे लागते.