अभ्यासातील चालणे

दिवसभराच्या बैठ्या अभ्यासात ठरवून घेतलेले छोटे-मोठे चालणे आणि त्याच्या जोडीचा हलका व्यायाम. हातात पुस्तक धरून येरझाऱ्या घालत पाठांतर करण्याची सवय जुनी आहे, पण ही नोंद तिच्याबद्दल नाही. इथे चालताना पुस्तक मिटलेले असते. अशा चालण्याने लक्ष टिकते आणि वाचलेले लक्षातही राहते, असे एका दमात सांगितले जाते. प्रत्यक्षात ही दोन कामे वेगळी आहेत. लक्षावरचा परिणाम लगेच दिसतो आणि तासाभरात ओसरतो. स्मरणावरचा परिणाम काही तासांनी, कधी दोन दिवसांनी कळतो. त्यामुळे किती चालावे याच्याइतकाच कधी चालावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आधी लक्षाचे पाहू. सलग बसून राहिल्यावर पायांतले रक्ताभिसरण मंदावते आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेगही थोडा उतरतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलाशी बसून काम करणाऱ्या 15 निरोगी माणसांना त्यांनी चार तास बसवले. एके दिवशी ती सलग बसली, एके दिवशी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे चालली आणि एके दिवशी दर दोन तासांनी आठ मिनिटे. दोन्ही चालण्याच्या दिवसांची एकूण मिनिटे जवळपास सारखीच होती. तरी मेंदूतल्या रक्ताच्या वेगाची घसरण थांबली ती फक्त दर अर्ध्या तासाने उठण्याने. या प्रयोगात रक्त मोजले होते, अभ्यास नव्हे, हे विसरू नये. पण ‘दोन तास बसतो आणि मग एकदाच मोठी फेरी मारतो’ या हिशेबात काय निसटते, ते यातून दिसते.

दोन मिनिटांचे उठणे घसरण थांबवते, तर वीसेक मिनिटांचे चालणे लक्ष थोडे वर उचलते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी साडेनऊ वर्षांच्या आसपासच्या 20 मुलांना ट्रेडमिलवर 20 मिनिटे चालवले आणि नाडी पूर्ववत झाल्यावर त्यांची चाचणी घेतली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, आजूबाजूच्या चिन्हांकडे दुर्लक्ष करून मधल्याच चिन्हाला उत्तर देण्याच्या कामात मुलांच्या चुका कमी झाल्या आणि वाचलेले समजण्याच्या चाचणीतही त्यांचे गुण वाढले. शरीर हलू लागले की मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन वाढते, आणि याच रसायनांवर जागरूकता अवलंबून असते, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. मोठ्या माणसांवरच्या प्रयोगांतही असा फायदा दिसतो, पण सरासरीने तो लहान असतो. चालून आल्यावर कंटाळवाणा धडा रंजक होत नाही, एवढेच की मन त्यावरून कमी वेळा घसरते.

वेग महत्त्वाचा आहे. त्या मुलांची नाडी त्यांच्या कमाल नाडीच्या साधारण 60 टक्क्यांवर ठेवली होती. 220 मधून वय वजा केले की कमाल नाडीचा ढोबळ आकडा मिळतो, म्हणजे वीस वर्षांच्या माणसासाठी 60 टक्के होतात मिनिटाला 120 ठोके. घड्याळ नसेल तर पावले मोजावीत. पंधरा सेकंदांत 25 पावले पडली की वेग बरोबर आहे. त्या वेगात पूर्ण वाक्य बोलता येते, गाणे म्हणता येत नाही. याहून फार जोर लावला, धापा टाकत धावले, तर लगेचचा तास उलट जड जातो आणि तीच ओळ तीनदा वाचूनही आत शिरत नाही.

आता स्मरण. नुकतेच शिकलेले कच्चे असते आणि पुढच्या काही तासांत, झोपेतही, ते मेंदूत पक्के होत जाते. याला दृढीकरण म्हणतात. नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या 2016 च्या प्रयोगात 72 जणांना 90 चित्रांच्या जागा शिकवल्या. एका गटाने लगेच 35 मिनिटे व्यायाम केला, दुसऱ्याने चार तासांनी, तिसऱ्याने केलाच नाही. दोन दिवसांनी सर्वांत जास्त जागा आठवल्या त्या चार तासांनी व्यायाम करणाऱ्यांना. लगेच व्यायाम केलेल्यांना काहीही न केलेल्यांपेक्षा फायदा झाला नव्हता. अर्थात तो व्यायाम सायकलवरचा आणि बराच जोरकस होता. साध्या चालण्याला हाच नियम तंतोतंत लावता येत नाही, तरी एक बोध घेण्यासारखा आहे: धड्याचा व्यायाम धड्याला चिकटूनच असावा असे नाही.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी समजा. तिला आज क्रेनिअल नर्व्ह्ज, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या, क्रमाने पाठ करायच्या आहेत. ती नऊला बसते, साडेनऊ, दहा आणि साडेदहाला उठून दोन-दोन मिनिटे चालते. अकराला पुस्तक मिटून बाराही नावे कोऱ्या कागदावर लिहिते. पाचव्या नसेच्या तीन शाखा कवटीतल्या कोणकोणत्या छिद्रांतून बाहेर पडतात, तिथे ती अडते. चूक दुरुस्त करून ती वीस मिनिटे चालायला जाते आणि परतल्यावर दिवसातला सर्वांत अवघड, समजून घेण्याचा विषय हाती घेते, कारण वाढलेले लक्ष तिथेच खर्ची पडायला हवे. हा वेळ वहीला समास आखण्यात गेला तर चालणे फुकट. दुपारी तीनच्या सुमारास ती अर्धा तास जरा झपाट्याने चालते. सकाळच्या नसांना तेव्हा चार तास झालेले असतात. एकच दिवस, दोन फेऱ्या आणि दोघींचे हेतू निरनिराळे.

या फेऱ्यांमध्ये सर्वांत जास्त बिघाड मोबाइल करतो. एडिंबरातील संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले, की गोष्ट ऐकल्यावर दहा मिनिटे नुसते शांत बसलेल्या वयस्क माणसांना ती आठवड्यानंतरही जास्त आठवत होती. ज्या गोष्टीनंतरची दहा मिनिटे त्याच माणसांनी चित्रांतले फरक शोधण्याच्या खेळात घालवली, ती त्यांना कमी आठवली. तिथे कोणी चालत नव्हते, पण कानात गप्पांचा कार्यक्रम लावून मारलेली फेरी त्या खेळाच्याच बाजूला झुकते, असे मानायला जागा आहे.

वर्षानुवर्षांच्या चालण्याचा परिणाम हा वेगळा विषय. अमेरिकेत 120 ज्येष्ठांवर केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटे चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे नवी आठवण घडवणाऱ्या भागाचे, आकारमान वर्षभरात सुमारे 2 टक्क्यांनी वाढले. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटात ते घटले. मात्र स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते, आणि हा भाग सांगताना बहुधा गाळला जातो. परीक्षेला महिना उरलेल्या तरुणाला या आकड्याचा उपयोग नाही.

चालण्याने झोपेची भरपाई होत नाही. पहाटे चालायला म्हणून एक तास कमी झोपणारा दृढीकरणाचाच तास कापतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वीस मिनिटांची फेरी तासावर जाणे. तेव्हा ती फेरी पळवाट झालेली असते, आणि परतीची वेळ निघण्याआधीच कागदावर लिहिली तर हे लवकर उघडे पडते.

आपल्याला फायदा होतो की नाही, हे ताजेतवाने वाटण्यावरून ठरवू नये, कारण तसे वाटते ते जवळपास प्रत्येकाला. सारख्याच अवघडपणाचे धडे घेऊन दोन आठवडे एक दिवस चालावे, एक दिवस नाही. दोन दिवसांनी पुस्तक न उघडता प्रत्येक धड्यावरचे दहा प्रश्न सोडवावेत आणि दोन्ही प्रकारच्या दिवसांचे गुण वेगवेगळ्या रकान्यांत मांडावेत.