बोटं सुधारली, सावल्यांचं काय? बनावट चित्रांच्या खुणांची पार्श्वभूमी

सिंहस्थ जवळ येतो तसे रामकुंडाचे, गोदाघाटाचे आणि साधूंच्या मिरवणुकीचे फोटो नाशिकच्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरू लागतात. त्यांत संगणकाने बनवलेली चित्रंही असतात. ‘बोटं मोज, सहा निघाली तर खोटं’ हा सल्ला आता बहुतेकांना पाठ झालाय. पण प्रत्येक खूण त्या त्या काळच्या बनवण्याच्या पद्धतीतून आलेली असते. पद्धत बदलली की खूणही जाते, म्हणून कोणती खूण कुठून आली हे माहीत असायला हवं.

फोटोत फेरफार करणं छायाचित्रणाइतकंच जुनं आहे. अब्राहम लिंकन यांचं एक भारदस्त, उभं चित्र वर्षानुवर्षं लोकांच्या भिंतींवर होतं. त्यातलं धड जॉन कॅल्हून या दुसऱ्याच पुढाऱ्याचं होतं, वर फक्त लिंकन यांचा चेहरा बसवला होता. चेहरा आरशातल्यासारखा उलटा छापला गेल्यामुळे गालावरचा तीळ भलत्याच बाजूला गेला आणि त्यावरून बिंग फुटलं. सोव्हिएत रशियात स्टालिनच्या शेजारी कालव्याकाठी उभा असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरल्यावर फोटोतूनही गायब झाला. त्याच्या जागी ब्रशने पाणी रंगवलं होतं. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके हेही आधी छायाचित्रकार होते आणि कॅमेऱ्याच्या करामतींत तरबेज होते. अर्थात त्यांनी त्या करामती पडद्यावर चमत्कार दाखवण्यासाठी वापरल्या, बातमी म्हणून खपवल्या नाहीत.

1982 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मुखपृष्ठावर उभं चित्र बसावं म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले. 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आलं आणि हे काम साध्या टेबलावर होऊ लागलं. तोपर्यंतच्या खुणा जोडकामाच्या होत्या. कापलेली कड दिसायची, एकच ठिगळ दोनदा डकवलेलं असायचं, एका माणसावर डावीकडून उजेड तर शेजारच्यावर उजवीकडून.

डिसेंबर 2018 मध्ये ‘स्टाइलगॅन’ ही पद्धत मांडली गेली आणि अस्तित्वातच नसलेल्या माणसांचे चेहरे तयार होऊ लागले. तिला शिकवताना हजारो चेहरे एकाच चौकटीत नीट बसवून दिले होते. म्हणून तिने बनवलेल्या प्रत्येक चेहऱ्याचे डोळे चित्रात जवळजवळ एकाच जागी येत. दोन कानांतले डूल वेगवेगळे असत आणि चष्म्याची काडी मधेच विरून जाई.

2022 मध्ये वाक्य लिहून चित्र मिळवण्याची साधनं सर्वांच्या हाती आली आणि बोटांचा घोटाळा सुरू झाला. या यंत्राला हाताला पाच बोटं असतात हे कुणी सांगितलेलं नसतं. फोटोत हात लहान दिसतो, अर्धा झाकलेला असतो, कधी मूठ तर कधी नमस्कार. त्यातून यंत्र एवढंच शिकतं की बोटाशेजारी बहुतेक वेळा बोट असतं, आणि तेवढ्यावर ते एकापुढे एक बोटं काढत जातं. मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पांढऱ्या फुगीर कोटातलं चित्र जगभर फिरलं. अनेकांना ते खरं वाटलं. नीट पाहिल्यावर हातातला कॉफीचा कप कुठल्याच बोटांनी धरलेला नव्हता, आणि गळ्यातल्या क्रूसाची साखळी एकाच बाजूला होती. त्याच महिन्यात ते चित्र बनवणाऱ्या ‘मिडजर्नी’ची नवी आवृत्ती आली आणि हात बरेच सुधारले.

अक्षरांचं कारण वेगळं. त्या वेळची बरीच यंत्रं चित्र आधी आकुंचित रूपात बनवायची. ‘स्टेबल डिफ्यूजन’मध्ये 512 बाय 512 ठिपक्यांचं चित्र आत 64 बाय 64 च्या जाळीत राहायचं. एवढ्या जाळीत मोठा चेहरा तगतो, दुकानाच्या पाटीवरचं बारीक अक्षर तगत नाही. देवनागरीचा प्रश्न आणखी अवघड. बसच्या पाटीवर ‘त्र्यंबकेश्वर’ लिहायचं तर पहिल्याच अक्षरात त, र, य आणि वर अनुस्वार, पुढे मात्रा आणि श्व, आणि हे सगळं एका शिरोरेषेखाली. चित्रात अशी पाटी असेल तर ती मोठी करून अक्षर-अक्षर वाचा. शिरोरेषा मधेच तुटलेली किंवा अक्षराचा नुसता भास सापडला तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र नवी साधनं ही चूकही कमी करत चालली आहेत.

सावलीचं तसं नाही, कारण ती खूण यंत्राच्या नव्हे तर उजेडाच्या स्वभावातून येते. हॅनी फरीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सावल्यांवरून फेरफार ओळखण्याची पद्धत मांडली. तिचा गाभा घरी पट्टी घेऊन वापरता येतो.

समजा, रामकुंडावरच्या गर्दीचं उन्हातलं चित्र आलंय. एक झेंड्याची काठी आहे, एका पुरोहिताची छत्री आहे, एक साधू त्रिशूळ घेऊन उभा आहे. काठीचं टोक आणि सावलीतलं त्याच टोकाचं ठिकाण यांना जोडणारी सरळ रेघ काढा आणि दोन्हीकडे वाढवा. छत्रीच्या टोकाचं आणि त्रिशुळाच्या मधल्या पात्याचं तसंच करा. उजेड सरळ जातो आणि कॅमेऱ्यात सरळ रेघ सरळच उमटते, म्हणून तिन्ही रेघा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. सूर्य समोर असेल तर तो बिंदू म्हणजे चित्रातली सूर्याची जागा, मग ती चौकटीबाहेर का असेना. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असेल तर रेघा खाली, सावल्यांच्या बाजूला मिळतात. अगदी बाजूला असेल तर त्या समांतर राहतात. यातली सोय अशी की सावली घाटाच्या पायऱ्यांवर मोडून पडली तरी नियम मोडत नाही. तिन्ही रेघा एका बिंदूत मिळत नसतील, तर त्यांतलं काहीतरी तिथे नंतर आलंय किंवा सगळंच चित्र बनवलेलं आहे. कुठलं ते मात्र तीन रेघांवरून ठरत नाही, कारण कुठल्याही दोन रेघा कुठेतरी मिळतातच.

नुसत्या नजरेने हे जमत नाही. आपला डोळा सावली आहे की नाही एवढंच पाहतो, तिची दिशा तपासत नाही. म्हणून पट्टी हवी, आणि टोकं स्पष्ट असलेल्या वस्तूच निवडायला हव्यात. डोक्याची सावली घेऊ नका, गोल वस्तूचा नेमका कुठला भाग सावलीत उतरलाय ते कळत नाही. फोनच्या वाइड लेन्सने कडेच्या रेघा वाकतात, जोडून काढलेल्या पॅनोरमात नियम लागू पडत नाही आणि रात्रीच्या आरतीला दिवे अनेक असल्याने सावल्याही अनेक पडतात. शिवाय रेघा जुळल्या म्हणून चित्र खरं ठरत नाही. मे 2023 मध्ये दिल्लीत ताब्यात घेतलेल्या कुस्तीपटू विनेश आणि संगीता फोगट यांचा पोलिसांच्या गाडीतला सेल्फी खरा होता, पण त्यांच्या गंभीर चेहऱ्यांवर कुणीतरी ॲपने हसू चढवून तो पसरवला. असा बदल सावलीने पकडता येत नाही. तो मूळ फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतो.

गोदावरीच्या पुराचे फोटोही असेच निसटतात. ढगाळ दिवशी ठळक सावली नसते आणि खळाळत्या पाण्यात नीट प्रतिबिंब उमटत नाही. ज्यावरून नाशिककर पुराची उंची मोजतात तो घाटावरचा दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडालेला दिसला की खरंच पाणी तेवढं चढलंय का, हे त्या दिवशी धरणातून सोडलेल्या विसर्गाच्या आकड्याशी ताडून पाहावं. अनेकदा फोटो अस्सल असतो, फक्त 2016 किंवा 2019 च्या पुराचा असतो. त्यात कुठलीच खूण सापडणार नाही. गुगल लेन्सवर टाकल्यावर तो आधी कधी आणि कुठे छापून आला होता ते मात्र बऱ्याचदा सापडतं.