सात दिवसही थांबता आलं नाही

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या गेटवर चलन हातात पडल्याशिवाय ट्रक हलत नाही. जुलै 2021 च्या सुरुवातीला अशाच एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळताना माझ्यापुढं पेच पडला: प्रिंटिंग बंद करायचं, की सगळं नेटवर्क उघडं ठेवायचं?

विंडोजमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा असते. छापायच्या कागदांची रांग तीच लावते आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही तीच बसवते. त्यासाठी ती कॉम्प्युटरमधल्या सर्वात वरच्या, म्हणजे SYSTEM या अधिकारानं चालते. दोष तिथंच होता. साधं लॉगिन असलेला माणूस नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या स्पूलरला ‘हा ड्रायव्हर बसव’ असं सांगू शकत होता आणि परवानगीची तपासणी चुकवता येत होती. ड्रायव्हर म्हणून घातक फाईल दिली तरी ती त्याच अधिकारानं चालायची. त्यासाठी एका क्लार्कचा चोरलेला पासवर्ड पुरेसा होता. सगळ्यांची लॉगिन सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरवरही स्पूलर मुळातच चालू असतो, खरी भीती त्याची होती.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. 8 जूनला स्पूलरचा एक दोष बुजवला गेला. आपल्याला सापडलेला दोष तोच, असं समजून काही संशोधकांनी जूनअखेरीस हल्ल्याचा कोड जाहीर केला. प्रत्यक्षात हा दोष वेगळा निघाला. त्यांनी कोड काढून टाकला, पण तोवर त्याच्या प्रती पसरल्या होत्या. हल्ल्याचं हत्यार बाहेर आणि दुरुस्तीला मिळालेले दिवस शून्य, म्हणून अशा दोषाला ‘झिरो-डे’ म्हणतात. या दोषाचं नाव पडलं प्रिंटनाइटमेअर, क्रमांक CVE-2021-34527.

पॅच येईपर्यंत कंपनीनं सांगितलेला एक उपाय असा:

```
Stop-Service -Name Spooler -Force
Set-Service -Name Spooler -StartupType Disabled
```

म्हणजे छपाईच बंद. पुढचा ठरलेला मंगळवार 13 जुलैचा होता, पण चलन-बिलांवर चालणारी कार्यालयं छपाईविना तितके दिवस काढणार कशी? म्हणून 6 जुलैलाच तातडीचा पॅच आला. मुदत संपलेल्या विंडोज 7 साठीही तो काढला, यावरून धोका ओळखावा.

घाईची किंमतही होती. पॅच बसवल्यावर यूएसबीनं जोडलेले काही लेबल आणि पावती प्रिंटर अडले. त्याचं कारण या दोषाच्या दुरुस्तीत नव्हतं. त्याच अपडेटमधून आलेल्या आधीच्या बदलांत होतं. शिवाय ड्रायव्हर बसवताना इशारा न देण्याची सेटिंग कोणी चालू ठेवली असेल, तर पॅचनंतरही फट उरायची. ऑगस्टच्या अपडेटनं ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचीच परवानगी सक्तीची केली.

मी काय केलं? डिस्पॅचच्या मशीनला प्रिंटर थेट जोडलेला होता. तिथं बाहेरून येणारी छपाईची विनंती नाकारणारी पॉलिसी लावली आणि स्पूलर पुन्हा सुरू केला. चलनं निघत राहिली. मुख्य सर्व्हरवरून कुणी काही छापतच नव्हतं. तिथला स्पूलर त्या दिवशी बंद केला, तो आजही बंद आहे.