तोंडावर हात ठेवला तरी जांभई लागतेच

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या अभ्यासिकेत दुपारी तीनच्या सुमाराला डोकावून बघा. स्पर्धा परीक्षेचा एक उमेदवार पुस्तक तोंडापुढे धरून जांभई देतो आणि दोन-तीन मिनिटांत समोरचा दुसरा देतो. पहिल्याचं उघडं तोंड तर त्याला दिसलेलंही नसतं. मग लागण झाली कशातून?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना पाच मिनिटांची एक चित्रफीत दाखवली, तिच्यात ३० जांभया होत्या. बघणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना जांभई आली. जांभयांऐवजी हसरे चेहरे दाखवले, तेव्हा हे प्रमाण २१ टक्के होतं. पुढची पायरी जास्त मजेदार आहे. त्यांनी चित्रातलं तोंड झाकलं आणि बाकीचा चेहरा ठेवला, तरी जांभया तितक्याच आल्या. उलट नुसतं उघडं तोंड दाखवलं, तर फारसा परिणाम झाला नाही. चेहरा आडवा किंवा उलटा करून दाखवला तरी फरक पडला नाही.

म्हणजे आपला मेंदू तोंड बघत बसत नाही. उघडं तोंड गाणाऱ्याचंही असतं आणि ओरडणाऱ्याचंही. मिटत जाणारे डोळे, ताणलेले गाल, मागे झुकणारं डोकं, वर येणारे खांदे ही सगळी हालचाल साधारण सहा सेकंदांत एका ठरलेल्या क्रमाने होते आणि तिची मेंदूला ओळख असते. ती ओळख पटली की आपली जांभई सुरू होते. समोरचा माणूस खरा आहे की मोबाईलच्या पडद्यावरचा, ही चौकशी या टप्प्यावर होतच नाही. म्हणून व्हिडिओ पुरतो. जांभईबद्दल नुसतं वाचूनही ती येते, त्यामुळे एव्हाना तुम्हाला आली असेल तर नवल नाही.

खोलीतला ऑक्सिजन कमी झाला म्हणून सगळे जांभया देतात, ही समजूत अजून टिकून आहे. प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये लोकांना शुद्ध ऑक्सिजन देऊन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा देऊनही पाहिलं. जांभयांची संख्या बदलली नाही.

घरी प्रयोग करायचा असेल तर दोन फिती घ्या, एक जांभयांची आणि एक हसऱ्या चेहऱ्यांची, दोन्ही पाच मिनिटांच्या. प्रत्येकाला एकट्याने बघू द्या आणि कशासाठी बघायचं ते आधी सांगू नका. दोन्ही फिती दिवसाच्या एकाच वेळी दाखवा. एक सकाळी आणि दुसरी रविवारच्या मटणाच्या जेवणानंतर दाखवली, तर तुम्ही मोजाल ती झोप. सगळ्यात जास्त बिघडतं ते आपण शेजारी उभं राहून टक लावून बघतो म्हणून. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की जांभया कमी होतात, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. त्यामुळे आपण खोलीबाहेर थांबावं आणि जांभया आल्या का ते नंतर त्यांनाच विचारावं. दहा जणांपैकी पाच-सहा जणांना जांभयांच्या फितीवर आणि दोघांना हसऱ्या फितीवर जांभई आली, तर आकडे प्रोव्हाइन यांच्याशी जुळतात. पण दहाच माणसं असताना पाच आणि तीन असाही निकाल योगायोगाने लागू शकतो. चार वर्षांच्या आतली मुलं यात घेऊ नका. त्यांना स्वतःची जांभई येते, दुसऱ्याची सहसा लागत नाही.

ज्याला जांभई आली नाही, त्याला माया नाही असं मात्र ठरवून टाकू नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये ३२८ जणांवर झालेल्या अभ्यासात सहानुभूती आणि जांभईची लागण यांचा ठोस संबंध सापडला नाही. वय वाढलं तशी लागण थोडी घटली, पण वयानेही लोकांमधल्या फरकाचा फक्त ८ टक्के भाग उलगडला. बाकीचं कोडं तसंच आहे.

आता ती थांबवायची कशी? दात आवळून दाबून धरण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोकांना जांभई दाबायला सांगितली, तेव्हा जांभई देण्याची ऊर्मी उलट वाढली. त्यापेक्षा गॅलप पितापुत्रांच्या २००७ च्या प्रयोगातला उपाय सोपा आहे. जांभयांची फीत बघताना ज्यांनी फक्त नाकाने श्वास घेतला, त्यांना जांभई आलीच नाही, आणि कपाळावर गार पट्टी धरलेल्यांपैकी जेमतेम ९ टक्के लोकांना आली. जांभईने मेंदू थंड होतो, हा त्यांचा अंदाज. त्यावर सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण अभ्यासिकेत समोरच्याने पुस्तक तोंडाकडे नेलं की तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यायला आणि ओला रुमाल कपाळावर ठेवायला कुणाच्या एकमताची गरज नाही.