हॉटस्पॉट चालू, वायफाय जोडलेलं, मग लॅपटॉपला नेट का नाही?

मागच्या पावसाळ्यात चिपळूणजवळ बहिणीकडे गेलो होतो, भाच्याचा कॉलेजचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरायचा होता आणि घरचं ब्रॉडबँड दोन दिवसांपासून बंद. बहिणीच्या फोनवर व्हिडिओ छान चालत होते, म्हणून तिचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉपने पासवर्ड घेतला, वायफाय जोडलं गेलं, आणि खाली कोपऱ्यात No Internet, secured. भाचा म्हणतो, मामा, फोनवर नेट आहे आणि वायफायपण लागलंय, मग मधे अडतंय कुठे? प्रश्न अगदी बरोबर होता, कारण अडत होतं ते मधेच.

हॉटस्पॉट लावला की फोन हा छोटा राउटर होतो. त्याला दोन दारं असतात असं समजा, एक लॅपटॉपकडचं म्हणजे वायफायचं आणि दुसरं टॉवरकडचं. लॅपटॉपच्या वायफायच्या चिन्हावरून फक्त पहिलं दार उघडं आहे एवढंच कळतं. दुसऱ्या दारातून फोन स्वतःचा डेटा आत-बाहेर करत असतो, पण लॅपटॉपचा डेटा त्याच दारातून जाऊ द्यायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे, आणि तो निर्णय थोडा फोनच्या सेटिंगमध्ये असतो, थोडा सिमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये. म्हणून "फोनवर तर चालतंय" यावरून लॅपटॉपबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता नेमकं कुठलं दार बंद आहे हे शोधायला पाच मिनिटं पुरतात. विंडोज असेल तर Start मध्ये cmd लिहून Command Prompt उघडायचं आणि आधी हे टाकायचं:

```
ipconfig
```

यात वायफायच्या खाली IPv4 Address आणि Default Gateway असं दोन ओळींत दिसतं. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट असेल तर पत्ता बहुतेक 192.168 ने सुरू होतो, आयफोनचा असेल तर 172.20.10 ने. Default Gateway म्हणजे तुमचा फोनच. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर समजायचं की फोनने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय, म्हणजे पहिलं दारच बिघडलंय. अशावेळी हॉटस्पॉट बंद-चालू करा, लॅपटॉपमध्ये ते वायफाय Forget करून परत जोडा, बहुतेक वेळा तेवढ्यात सुटतं.

आमच्याकडे पत्ता नीट आला होता. मग पुढचं, ping म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं, एकेक करून:

```
ping 192.168.43.1
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिल्या ओळीत तुमच्या Default Gateway चा जो आकडा असेल तो टाकायचा, हा नुसता नमुना आहे. फोनने उत्तर दिलं, 2-3 मिलीसेकंदात. पण 8.8.8.8 ला, म्हणजे थेट बाहेरच्या सर्व्हरला, चारही वेळा Request timed out. म्हणजे लॅपटॉप ते फोन रस्ता मोकळा आणि फोनच्या पुढे रस्ता बंद. इथे एक लक्षात ठेवा, 8.8.8.8 ला उत्तर आलं असतं आणि फक्त google.com ला आलं नसतं, तर भानगड डीएनएसची असती, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये हे खूपदा होतं कारण आयटीवाल्यांनी ऑफिसच्या आतला डीएनएस हाताने भरून ठेवलेला असतो आणि तो घरी कुठून दिसणार, तिथे Obtain DNS server address automatically केलं की झालं. लॅपटॉपवर व्हीपीएन अर्धवट चालू राहिला असेल तरी हीच गत होते, तो आधी पूर्ण बंद करून बघा.

पण आमचं तसं नव्हतं. खात्री करायला मी वायफाय बंद केलं आणि चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला लावून USB tethering चालू केलं. तरीही तेच. हा फार उपयोगी प्रयोग आहे, कारण केबलनेही बंद असेल तर वायफाय, पासवर्ड, बँड हे सगळं विसरून जायचं, दोष फोन आणि टॉवरच्या मधला आहे. Data Saver पण तपासला, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो चालू असला की हॉटस्पॉट चालत नाही. तो बंदच होता. मग बहिणीचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, हॉटस्पॉट लावला, आणि लॅपटॉपला लगेच नेट! सिम तेच, प्लॅन तोच, टॉवर तोच. म्हणजे उरला तिचा फोन आणि त्यातलं एपीएन.

एपीएन म्हणजे फोनने कंपनीच्या नेटवर्कमध्ये कुठल्या फाटकाने शिरायचं त्याचं नाव आणि नियम. बहिणीने दोन महिन्यांपूर्वी नंबर पोर्ट केला होता, नेट लागत नव्हतं म्हणून दुकानदाराने एपीएन हाताने भरून दिलं होतं. त्यात APN type नावाचा एक रकाना असतो, त्यात नुसतं default लिहिलं होतं. default म्हणजे हे फाटक फोनच्या स्वतःच्या रोजच्या वापरासाठी. हॉटस्पॉटच्या वापराला अँड्रॉइडमध्ये वेगळं नाव आहे, dun. काही फोन सिमच्या कंपनीच्या सेटिंगनुसार असं वागतात की हॉटस्पॉट लावला की dun असं लिहिलेलं फाटक शोधायचं, आणि ते सापडलं नाही तर लॅपटॉपसाठी टॉवरकडचं दार उघडायचंच नाही. वायफाय मात्र सुरू राहतं, पत्ता वाटला जातो, फोन पिंगला उत्तर देतो. म्हणजे हुबेहूब आमच्यासारखी लक्षणं. काही फोन हा भेद पाळतच नाहीत, default असेल तर त्यातूनच लॅपटॉपलाही सोडतात, म्हणून माझ्या फोनमध्ये तेच सिम बिनतक्रार चाललं.

उपाय छोटासा आहे. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर Access Point Names असतं (फोनप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे), चालू असलेल्या एपीएनवर टॅप करायचं, APN type मध्ये हे भरायचं, मधे स्पेस न देता, यातलं supl फोनला स्वतःची जागा लवकर शोधायला लागतं:

```
default,supl,dun
```

मग वरच्या तीन टिंबांवर जाऊन Save, हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. बाकीचे रकाने, खासकरून APN चं नाव, अजिबात हलवायचं नाही नाहीतर फोनचंही नेट जाईल, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. रकाने राखाडी असतील आणि बदलू देत नसतील तर तेच सगळं नवीन एपीएन करून भरायचं आणि ते निवडायचं. शेवटी एरोप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद, कारण फोन नवीन नियम जोडणी नव्याने करतानाच वाचतो. आयफोनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते, तिथे Cellular Data Network च्या पानावर खाली Personal Hotspot असा वेगळा भाग असतो आणि त्यातला APN चा रकाना रिकामा असेल तर हॉटस्पॉट गायब होतो किंवा चालत नाही, तिथे वरचंच एपीएन भरायचं. काही कंपन्या आयफोनवर हे पान दाखवतच नाहीत, मग त्यांनाच फोन करावा लागतो.

बहिणीच्या फोनवर एरोप्लेन मोड काढला आणि 8.8.8.8 वरून उत्तरं यायला लागली. भाच्याचा पहिला प्रश्न, dun म्हणजे काय? डायल-अप नेटवर्किंग. जुन्या काळात फोन केबलने कॉम्प्युटरला लावून त्यावरून *99# डायल करत नेट घ्यायचे, तेव्हाचं नाव आहे हे, आणि आजच्या फोनमध्येही ते तसंच राहिलंय. मला या तीन अक्षरांचं फार कौतुक वाटतं.

पण वेगळं फाटक ठेवायचंच कशाला? कारण पैसा. लॅपटॉप फोनपेक्षा कितीतरी जास्त डेटा ओढतो, त्यामुळे कंपन्यांना हॉटस्पॉटचा वापर वेगळा मोजायचा किंवा त्याचे वेगळे पैसे घ्यायचे होते. अमेरिकेत यावरून मोठं प्रकरण झालं होतं, व्हेरायझन या मोबाइल कंपनीने ग्राहकांना वेगळे पैसे न देता हॉटस्पॉट करता येईल अशी अ‍ॅप्स रोखण्याचा प्रयत्न केला आणि 2012 मध्ये तिथल्या एफसीसी या सरकारी दूरसंचार नियामकाबरोबर तडजोड करून साडेबारा लाख डॉलर भरले. तरी आजही तिकडच्या अनेक अनलिमिटेड प्लॅनमध्ये फोनचा डेटा अमर्याद आणि हॉटस्पॉटचा ठराविक जीबी असतो, तो संपला की फोन जोरात आणि लॅपटॉप रडतखडत. तुमची मुलं तिकडे असतील आणि हीच तक्रार करत असतील तर आधी प्लॅनमधली हॉटस्पॉटची ओळ वाचायला सांगा.

फाटक एकच असलं तरी डेटा लॅपटॉपचा आहे हे कंपनीला कळू शकतं. डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, त्या प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट कायम फिरत राहू नये. अँड्रॉइड सुरुवात 64 ने करतं, विंडोज 128 ने. फोनचं स्वतःचं पॅकेट टॉवरकडे निघतं तेव्हा 64, आणि लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून जाताना एक कमी होऊन 127. समोरच्याला 127 दिसला की हा डेटा फोनचा नाही एवढं लगेच कळतं. मॅक 64 नेच सुरू होतो, तर तो 63 दिसतो, तोही उघडा पडतो. ज्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट बंद आहे तिथे अशी पॅकेटं अडवता येतात, आणि मग तुम्ही एपीएनमध्ये dun कितीही लिहा, काही होणार नाही.

आपल्याकडच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनमध्ये सहसा हॉटस्पॉट त्याच कोट्यातून जातो, वेगळी अट नसते. आपल्याकडे अडतं ते कोटा संपल्यावर, कारण नंतर वेग 64 केबीपीएसवर येतो. 64 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 8 केबी, एक एमबीचं साधं पान उघडायला दोन मिनिटांच्या वर. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज यातूनही जातात, म्हणून वाटतं नेट आहे, पण लॅपटॉपवर विंडोज अपडेट, वनड्राइव्ह, ब्राउझरचे दहा टॅब असे सगळे त्या 8 केबीवर एकदम तुटून पडतात आणि काहीच उघडत नाही. ओळखायचं कसं, तर पिंग बंद पडलेला नसतो, उत्तरं येतात पण दोन-दोन हजार मिलीसेकंदांनी आणि मधेच एखादं गळतं. कोट्याचा दिवस संपेपर्यंत यावर औषध नाही, टॉप-अप घ्या नाहीतर थांबा. मात्र दुसऱ्या दिवशी हॉटस्पॉट जोडल्याजोडल्या त्या वायफायच्या Properties मध्ये Metered connection चालू करा, म्हणजे विंडोज मोठे अपडेट सहसा आपणहून ओढत नाही. त्या संध्याकाळी भाच्याच्या लॅपटॉपवर मी हे आधी चालू केलं आणि मगच त्याला फॉर्म उघडू दिला, कारण कोट्यातले फक्त 300 एमबी उरले होते आणि फोटो, सही, मार्कशीट अपलोड व्हायचं होतं.